अर्धवट चार्जिंगचा हिशेब : रेनफ्लो पद्धतीने बॅटरीची चक्रे कशी मोजावीत

बॅटरीच्या माहितीपत्रकात आयुष्य चक्रांमध्ये लिहिलेले असते. ‘८० टक्के खोलीपर्यंत ४००० चक्रे’, म्हणजे दर वेळी क्षमतेचा ८० टक्के भाग उतरवून ४००० चक्रे, असे वाक्य वाचल्यावर अर्थ स्पष्ट वाटतो, कारण प्रयोगशाळेत खरोखरच तसे घडलेले असते : बॅटरी ठरावीक पातळीपर्यंत चार्ज करायची, ठरावीक पातळीपर्यंत उतरवायची, आणि क्षमता मूळ क्षमतेच्या साधारण ८० टक्क्यांवर येईपर्यंत हेच करत राहायचे. घरातली बॅटरी मात्र असे शिस्तीत वागत नाही. सकाळी ऊन आले की ती चढते, मध्येच ढग येतात आणि त्याच वेळी कोणी पाण्याची मोटर लावते म्हणून ती थोडी उतरते, पुन्हा चढते, संध्याकाळी वीज गेली की उतरते, वीज आली की थोडी चढते आणि रात्रभर उतरत राहते. यात चक्र कोणते आणि किती, हे ठरवण्यासाठी जी पद्धत आज सर्वाधिक वापरली जाते तिला रेनफ्लो मोजणी म्हणतात. ती कागद-पेन्सिलीने कशी करावी आणि तिच्यात नवशिक्याची चूक कुठे होते, हे या लेखात एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण असे घेऊ. घरच्या छपरावर सौर पॅनेल आहेत, १०० अँपिअर-तासांची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी आहे, आणि भारनियमनामुळे ग्रिडची वीज ये-जा करते. बॅटरीची चार्जपातळी टक्क्यांमध्ये नोंदली जाते. पहिल्या दिवशी सकाळी सहा वाजता पातळी ४० आहे. साडेदहापर्यंत ती ७० वर जाते, बारा वाजता ५५ वर उतरते, दुपारी चारला ९५ वर पोहोचते. संध्याकाळी साडेसातला ती ६० आहे. मग वीज येते आणि रात्री नऊपर्यंत ७५ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ३०, दुपारी तीनला ८० आणि रात्री आठला ५०. म्हणजे वळणबिंदूंची मालिका अशी झाली :

```
40  70  55  95  60  75  30  80  50
```

हे आकडे मी समजावण्यासाठी बेतलेले आहेत. पण भारनियमन असलेल्या गावातल्या घराची नोंद पाहिलेल्या कोणालाही त्यांचा आकार ओळखीचा वाटेल.

आधी हे ठरवा : कोणते ‘पूर्ण चक्र’ मोजायचे आहे?

‘समतुल्य पूर्ण चक्र’ हा एकच शब्दप्रयोग दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि माझ्या अनुभवात या विषयातले निम्मे वाद त्यातूनच निर्माण होतात.

पहिला अर्थ उलाढालीचा आहे. बॅटरीत जितका विद्युतभार आत गेला आणि बाहेर आला त्याची बेरीज करायची आणि क्षमतेच्या दुपटीने भागायचे. आपल्या मालिकेत चढउतारांची बेरीज ३०, १५, ४०, ३५, १५, ४५, ५० आणि ३० मिळून २६० होते. एका पूर्ण चक्रात १०० वर आणि १०० खाली अशी २०० ची हालचाल असते. म्हणून उत्तर १.३ चक्रे. यासाठी रेनफ्लोची काहीही गरज नाही. ज्या हमीपत्रांत मर्यादा एकूण मेगावॉट-तासांत दिलेली असते, तिथे हाच हिशेब लागू पडतो, आणि तिथे रेनफ्लो लावून बसणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे आहे.

दुसरा अर्थ झिजेचा आहे. दहा टक्के खोलीची दहा चक्रे आणि शंभर टक्के खोलीचे एक चक्र यांची उलाढाल सारखीच असते, पण बॅटरीला होणारी इजा सहसा सारखी नसते. खोल चक्र जास्त झिजवते. हा फरक हिशेबात आणायचा असेल, तर आधी प्रत्येक चक्राची खोली कळायला हवी, आणि अस्ताव्यस्त नोंदीतून ती खोली शोधून देणे एवढेच रेनफ्लोचे काम आहे.

खोलीचा परिणाम किती तीव्र आहे, हे माहितीपत्रकातून काढता येते. वेगवेगळ्या खोलींना किती चक्रे मिळतात याचा आलेख किंवा तक्ता बहुतेक माहितीपत्रकांत असतो. त्यातल्या दोन जोड्या घ्याव्यात : d1 खोलीला N1 चक्रे आणि d2 खोलीला N2 चक्रे. मग ही तीव्रता सांगणारा घातांक k असा निघतो :

```
k = ln(N2 / N1) / ln(d1 / d2)
```

तोंडी अंदाजासाठी याहून सोपी युक्ती आहे. खोली अर्धी केल्यावर चक्रे दुप्पट होत असतील, तर k एक आहे. साधारण पावणेतीनपट होत असतील, तर दीड. चौपट होत असतील, तर दोन. k एक असेल, तर वरचे दोन्ही अर्थ एकच होतात आणि हा लेख इथेच मिटवून उलाढाल मोजावी. आपल्या उदाहरणात ८० टक्क्यांना ४००० आणि ४० टक्क्यांना १६००० चक्रे असे धरू, म्हणजे k दोन येतो आणि वर्ग करून कागदावर हिशेब उरकता येतो. प्रत्यक्षात दीडच्या आसपासचा आकडा आला तरी पायऱ्या त्याच राहतात.

नोंद स्वच्छ करणे

मोजणीला फक्त वळणबिंदू लागतात, म्हणजे जिथे चढण संपून उतरण सुरू झाली किंवा उलट. मधले सगळे आकडे टाकून द्यायचे. किती वेळात चढली, हेही या मोजणीला कळत नाही.

अडचण अशी की बॅटरीची नियंत्रण-प्रणाली दर मिनिटाला आकडा देते आणि तो ६१, ६०, ६१, ६० असा उगाच थरथरत राहतो. प्रत्येक थरथर हे एक वळण मोजले जाते. म्हणून एक किमान उंबरठा ठेवावा. मी दोन टक्के ठेवतो : पातळी शेवटच्या टोकापासून उलट दिशेने निदान दोन अंक सरकल्याशिवाय ते टोक वळणबिंदू मानायचे नाही. तोवर त्याच दिशेने आणखी मोठे टोक मिळाले, तर जुने टोक पुसून नवे लिहायचे. पातळी काही तास एकाच आकड्यावर स्थिर राहिली, तर त्या सपाट भागातून एकच बिंदू घ्यायचा.

ही थरथर कोणता हिशेब बिघडवते, हे समजून घेण्यासारखे आहे. एक टक्का खोलीची दहा हजार खोटी चक्रे नोंदीत शिरली, तर उलाढालीच्या हिशेबात ती १०० पूर्ण चक्रे होतात, जे भयंकर आहे. पण k दोन असताना झिजेच्या हिशेबात ती सगळी मिळून एकच पूर्ण चक्र होतात. म्हणजे झिजेसाठी उंबरठा एक ठेवला काय किंवा तीन ठेवला काय, फारसे अडत नाही. त्यापेक्षा वाईट चूक म्हणजे तासाच्या सरासऱ्या वापरणे. सरासरीमुळे टोके बोथट होतात, ९५ चे ९१ आणि ३० चे ३३ होतात, आणि खोलीच कमी भरते. वर्ग केल्यावर ती तूट आणखी वाढते. शक्य असेल तर पाच मिनिटांची किंवा त्याहून बारीक मूळ नोंद मागून घ्यावी.

मोजणीचा नियम

नियम तीन बिंदूंवर चालतो. वळणबिंदू एकामागून एक कागदावर लिहीत जायचे आणि दर वेळी शेवटच्या तीन बिंदूंकडे पाहायचे. शेवटच्या दोन बिंदूंमधला फरक म्हणजे ताजा टप्पा, आणि त्याच्या आधीचा फरक म्हणजे मागचा टप्पा. ताजा टप्पा मागच्यापेक्षा लहान असेल, तर काही करायचे नाही. पुढचा बिंदू लिहायचा. ताजा टप्पा मागच्याएवढा किंवा मोठा असेल, तर मागचा टप्पा ‘मिटला’ असे समजायचे. तो मालिकेच्या पहिल्या बिंदूला चिकटलेला नसेल, तर त्याला एक पूर्ण चक्र म्हणून नोंदवायचे आणि त्याचे दोन्ही बिंदू खोडायचे. तो पहिल्या बिंदूपासूनच सुरू होत असेल, तर त्याला अर्धे चक्र म्हणून नोंदवायचे, फक्त तो पहिला बिंदू खोडायचा आणि पुढच्या बिंदूला नवा पहिला बिंदू मानायचे. खोडल्यावर उरलेल्या शेवटच्या तिघांकडे पुन्हा पाहायचे. सगळे बिंदू संपले की जे टप्पे कागदावर उरले असतील, ते प्रत्येकी अर्धे चक्र.

आता आपली मालिका घेऊ. ४०, ७०, ५५ लिहिले : ताजा टप्पा १५, मागचा ३०, पुढे चला. ९५ लिहिले : ताजा टप्पा ५५ ते ९५, म्हणजे ४०, मागचा ७० ते ५५, म्हणजे १५. चाळीस मोठा, आणि मागचा टप्पा पहिल्या बिंदूला, म्हणजे ४० या पातळीला, चिकटलेला नाही. म्हणून १५ खोलीचे एक पूर्ण चक्र नोंदवा आणि ७० व ५५ खोडा. कागदावर ४०, ९५ उरले. दुपारच्या ढगांनी जो खळगा पाडला होता तो असा बाजूला निघाला, आणि सकाळपासूनची चढण ४० ते ९५ अशी सलग झाली.

६० लिहिले : ताजा ३५, मागचा ५५, पुढे चला. ७५ लिहिले : ताजा १५, मागचा ३५; पुढे चला. ३० लिहिले : ताजा टप्पा ७५ ते ३०, म्हणजे ४५, मागचा ६० ते ७५, म्हणजे १५. पुन्हा मागचा मिटला : १५ खोलीचे दुसरे पूर्ण चक्र, आणि ६० व ७५ खोडा. आता कागदावर ४०, ९५, ३० आहेत. इथे थांबायचे नाही, कारण तीन बिंदू अजून आहेत : ताजा टप्पा ९५ ते ३०, म्हणजे ६५, मागचा ४० ते ९५, म्हणजे ५५. मागचा मिटला, पण तो पहिल्या बिंदूपासून सुरू होतो; म्हणून ५५ खोलीचे अर्धे चक्र नोंदवा आणि फक्त ४० खोडा. उरले ९५, ३०.

८० लिहिले : ताजा ५०, मागचा ६५; पुढे चला. ५० लिहिले : ताजा ३०, मागचा ५०. बिंदू संपले. कागदावर ९५, ३०, ८०, ५० उरले, म्हणून ६५, ५० आणि ३० खोलीची तीन अर्धी चक्रे. एकूण यादी अशी : १५ ची दोन पूर्ण चक्रे, ५५, ६५, ५० आणि ३० ची प्रत्येकी अर्धी चक्रे.

खोडल्यावर पुन्हा तिघांकडे न पाहणे ही हाताने मोजताना होणारी नेहमीची चूक आहे. एका मोठ्या टप्प्याने मागचे दोन-तीन लहान टप्पे एकापाठोपाठ मिटू शकतात, आणि थांबलो तर ते कागदावर तसेच राहतात.

असे का मोजायचे?

रात्रीच्या उतरणीकडे पाहा. ९५ वरून बॅटरी ६० वर आली, वीज आल्यामुळे ७५ वर गेली आणि मग ३० वर उतरली. ढोबळ मोजणी तिला ३५ आणि ४५ अशा दोन मध्यम उतरणी मानते. रेनफ्लो म्हणते की ही ९५ ते ३० अशी एकच ६५ ची खोल उतरण आहे आणि तिच्या वाटेत १५ चा एक छोटा हेलकावा येऊन गेला. हेलकावा संपला की बॅटरी जिथून भरकटली होती तिथेच, म्हणजे ६० वर, परत येते आणि आधीची उतरण पुढे चालू करते.

ही कल्पना बॅटरीची नाहीच. धातूच्या थकव्याचा अभ्यास करणाऱ्या तात्सुओ एन्दो आणि एम. मात्सुइशी यांनी ती १९६८ साली जपानमध्ये मांडली. ताणाचा आलेख उभा करून पाहिला की तो एकावर एक उतरत्या छपरांच्या पॅगोडासारखा दिसतो, आणि छपरावरून छपरावर पडणाऱ्या पावसाच्या धारा जिथे थांबतात तिथे एकेक अर्धे चक्र पूर्ण होते. ज्याने पावसाळ्यात कौलारू घराच्या पागोळ्या पाहिल्या आहेत, त्याला हे चित्र समजायला वेळ लागत नाही. पण मोजणी करायला वरचा तीन बिंदूंचा नियमच बरा, आणि एएसटीएम या मानक-संस्थेच्या ई१०४९ या मानकातही तोच दिला आहे.

धातूत या पद्धतीला भक्कम आधार आहे : लहान हेलकावा ताण आणि विरूपण यांच्या आलेखावर खरोखरच एक बंद वळसा काढतो आणि मोठा वळसा जणू काही झालेच नाही असा पुढे जातो. लिथियम बॅटरीत आधार तितका थेट नाही. चार्ज होताना ग्रॅफाइट साधारण दहा टक्के फुगते आणि उतरताना आकसते. खोल चक्रात हे फुगणे-आकसणे जास्त, म्हणून कणांना आणि त्यांच्यावरच्या संरक्षक थराला तडे जाण्याची शक्यता जास्त. इथवर धातूशी साम्य आहे. पण बॅटरी इतर रासायनिक कारणांनीही झिजते, आणि ती कारणे रेनफ्लोला दिसत नाहीत. त्याकडे शेवटी येऊ.

झीज काढणे आणि पडताळणी

प्रत्येक चक्राची खोली शंभराने भागून दशांशात घ्या, तिचा k घात करा, पूर्ण चक्राला एकने आणि अर्ध्याला अर्ध्याने गुणा, आणि बेरीज करा. k दोन असताना १५ ची दोन चक्रे मिळून ०.०४५ देतात, ५५ चे अर्धे चक्र ०.१५१, ६५ चे ०.२११, ५० चे ०.१२५ आणि ३० चे ०.०४५. बेरीज ०.५७७५. म्हणजे दोन दिवसांहून थोड्या कमी काळात बॅटरी झिजेच्या दृष्टीने ०.५८ पूर्ण चक्र वापरली गेली, तर उलाढालीच्या दृष्टीने १.३. साध्या बेरजेने झीज मोजण्याच्या या रीतीमागे पामग्रेन आणि मायनर यांचा नियम आहे, आणि त्यात चक्रे कोणत्या क्रमाने आली याला काही महत्त्व दिलेले नाही.

आयुष्याचा अंदाज काढायचा असेल, तर ८० टक्क्यांना ४००० चक्रे याचा अर्थ शंभर टक्क्यांना ४००० गुणिले ०.६४, म्हणजे २५६० पूर्ण चक्रे असा होतो. आपली मालिका ३८ तासांची आहे. हाच प्रकार चालू राहिला, तर झिजेच्या हिशेबाने सुमारे १९ वर्षे मिळतात, आणि उलाढालीच्या १.३ चक्रांना चुकून झीज समजले तर साडेआठ वर्षे. कोणता अर्थ घेतला यावर उत्तर दुपटीहून जास्त बदलते, म्हणूनच सुरुवातीला त्यावर इतका वेळ घालवला.

पहिली पडताळणी फुकट मिळते. चक्रांच्या यादीतली खोली नुसती बेरीज करा, घात न करता : १५ आणि १५, अधिक ५५, ६५, ५० आणि ३० यांच्या बेरजेचा निम्मा, म्हणजे ३० अधिक १००, म्हणजे १३०. हे १.३ आले, आणि उलाढालही १.३ होती. दोन्ही जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत, तर कुठेतरी बिंदू खोडायला विसरलात किंवा एखादा टप्पा दोनदा मोजलात.

संगणकावर करायचे असेल, तर पायथनमधले rainflow हे पॅकेज हाच नियम चालवते :

```
pip install rainflow
```

```python
import rainflow

soc = [40, 70, 55, 95, 60, 75, 30, 80, 50]
k = 2
efc = wear = 0
for rng, mean, count, i0, i1 in rainflow.extract_cycles(soc):
    d = rng / 100
    efc += count * d
    wear += count * d**k
    print(rng, mean, count)
print(round(efc, 4), round(wear, 4))
```

शेवटच्या ओळीत 1.3 आणि 0.5775 यायला हवेत. स्वतःची नोंद घालण्याआधी हे उदाहरण चालवून पाहावे. वळणबिंदू हे पॅकेज स्वतः शोधते, पण थरथरीचा उंबरठा आपल्यालाच आधी लावावा लागतो. `mean` हा आकडा चक्राची सरासरी पातळी देतो. सध्या तो वापरला नाही तरी जपून ठेवावा.

मध्यरात्री केलेली कापाकापी

ही चूक मी स्वतः अनेक महिने केली, आणि पडताळणी दर वेळी जुळत असल्यामुळे ती लक्षातही आली नाही. नोंदींच्या फायली दिवसावार असतात. म्हणून प्रत्येक दिवसाची मोजणी वेगळी करायची आणि महिन्याखेरीस बेरीज मारायची, हे अगदी स्वाभाविक वाटते. आपल्या उदाहरणात मध्यरात्री पातळी ६५ होती असे धरू आणि तिथे मालिका कापू. पहिला तुकडा ४०, ७०, ५५, ९५, ६०, ७५, ६५. दुसरा ६५, ३०, ८०, ५०.

पहिल्या तुकड्यात ढगांचे १५ चे पूर्ण चक्र तसेच राहते, पण मग ५५, ३५, १५ आणि १० अशी अर्धी चक्रे उरतात. दुसऱ्यात ३५, ५० आणि ३० ची अर्धी चक्रे मिळतात. उलाढाल पुन्हा बरोबर १.३. झीज मात्र ०.५७७५ ऐवजी ०.४८२५, म्हणजे सहावा हिस्सा कमी. ६५ ची खोल उतरण मध्यरात्री कापली गेल्यामुळे ती यादीतून नाहीशीच झाली. घरगुती बॅटरीत दिवसाची सीमा बरोबर रात्रीच्या उतरणीच्या मध्ये येते, म्हणून ही चूक रोज, एकाच दिशेने होते आणि वर्षभरात कुठेही भरून निघत नाही.

पावसाळ्यात ती आणखी वाढते. ग्रिड नसलेल्या शेतघरात चार ढगाळ दिवस लागले आणि बॅटरी १०० वरून ७५, ८५, ६०, ७०, ४५, ५५ करत ३० वर आली, मग उघडीप मिळून पुन्हा १०० झाली, असे समजा. रोजची उतरण २५ चीच दिसते, आणि २५ ची चार चक्रे म्हणजे झीज ०.२५. सलग मालिकेवर रेनफ्लो चालवले, तर १० ची तीन पूर्ण चक्रे आणि ७० ची दोन अर्धी चक्रे मिळतात, आणि झीज ०.५२ येते. चार दिवसांत पसरलेले ते ७० चे चक्र एका दिवसाच्या फायलीत कधीच दिसणार नाही.

उपाय सोपा आहे. वर्षभराची नोंद असेल, तर सगळी एकाच मालिकेत जोडून एकदाच मोजावी. नोंद रोज येत असेल, तर दिवसाखेरीस उरलेले बिंदू अर्धी चक्रे म्हणून उडवून टाकू नयेत. ते तसेच जपावेत आणि दुसऱ्या दिवशीचे बिंदू त्यांच्याच पुढे लिहावेत. फक्त मधला मध्यरात्रीचा बिंदू हा वळणबिंदू नसेल, तर तो गाळायचा. हा उरलेला शेपूट सहसा लहानच असतो.

पातळीने मारलेली उडी

दुसरी पडताळणी थोडी कष्टाची आहे, पण एलएफपी बॅटरीत ती टाळू नये. या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असते. त्यामुळे नियंत्रण-प्रणाली प्रवाह मोजून पातळीचा अंदाज बांधत राहते आणि त्यात चूक साचत जाते. बॅटरी खरोखर पूर्ण भरली की प्रणालीला ते कळते, आणि आकडा ८६ वरून एकदम १०० वर उडी मारतो. रेनफ्लोला ही उडी म्हणजे खरी चढण वाटते.

ओळखायचे कसे? आपली बॅटरी १०० अँपिअर-तासांची आहे, आणि चार्जर जास्तीत जास्त ५० अँपिअर देतो असे धरू. मग एका मिनिटात पातळी ०.८३ टक्क्यांहून जास्त बदलूच शकत नाही. एका मिनिटात १४ अंक चढले, तर ती वीज नव्हे, दुरुस्ती आहे. अशा वेळी मागच्या पूर्ण चार्जपासून साचलेली ती चूक मधल्या नोंदींवर वेळेच्या प्रमाणात वाटून टाकावी आणि मगच वळणबिंदू काढावेत. तसे केल्यावर अनेकदा लक्षात येते की पडद्यावर ३० दिसलेला तळ प्रत्यक्षात ४० च्या आसपास होता. इन्व्हर्टरवर एकूण अँपिअर-तासांचा वेगळा मोजक असेल, तर त्याच्याशीही उलाढाल ताडून पाहावी. पातळीवरून काढलेली उलाढाल पाच टक्क्यांहून जास्त वेगळी असेल, तर पातळीच्या नोंदीवर विसंबू नये.

उत्तर कुठवर खरे मानावे

माहितीपत्रकातली चक्रे सहसा २५ अंश सेल्सिअसला आणि ठरावीक प्रवाहाने मोजलेली असतात. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यात बॅटरी ४० अंशांवर बसली असेल, तर तीच चक्रे जास्त झिजवतात, आणि रेनफ्लो त्याविषयी गप्प राहते. १० टक्क्यांहून उथळ चक्रांसाठी प्रयोगशाळेचे आकडे क्वचितच दिलेले असतात. तिथे k वापरणे म्हणजे आलेख आपल्या मर्जीने लांबवणे आहे. आणि कुठल्याही चक्राशिवाय, नुसती भरलेली ठेवल्यानेही बॅटरी म्हातारी होते. आपल्या उदाहरणातली १९ वर्षे म्हणूनच शब्दशः घेऊ नयेत : इतक्या सौम्य वापरात बॅटरी चक्रांनी संपण्याआधी वयानेच संपण्याची शक्यता जास्त आहे. अशा घरात चक्रांची मोजणी बारीक करण्यापेक्षा बॅटरी थंड जागी हलवणे आणि कामाशिवाय दिवसेंदिवस १०० टक्क्यांवर न ठेवणे जास्त उपयोगी पडते.

हा हिशेब खरा ठरतो की नाही, हे वर्षातून एकदा क्षमता मोजून तपासावे. बॅटरी पूर्ण भरा, ठरावीक भार लावा, नियंत्रण-प्रणाली ती तोडेपर्यंत उतरवा आणि बाहेर आलेले अँपिअर-तास मोजा; दर वर्षी तोच भार आणि शक्यतो तोच महिना ठेवा. १०० ची क्षमता ९६ झाली असेल, तर आयुष्यात जेवढी घट सोसायची त्या २० अंकांपैकी चार, म्हणजे पाचवा हिस्सा वापरला गेला. त्याच वर्षाची रेनफ्लोने काढलेली झीज २५६० ने भागून शेजारी लिहा. आपल्या मालिकेसारखे वर्ष असेल, तर तो आकडा पाच टक्क्यांच्या जरा वर येईल, आणि वीस व पाच यांच्यामधले अंतर हे उष्णतेचे, वयाचे आणि चुकीच्या k चे मिळून असेल. पहिल्या वर्षी घट सहसा थोडी जास्त होते, म्हणून त्यावरून k बदलू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे आकडे हाती आल्यावर मगच बदलावा.